कोथिंबीर कुठल्या बोर्डावर चिरली?

रविवारी सकाळी साडेदहाची वेळ. दुकानातून दीड किलो चिकन आलं आहे, पण तुकडे जरा मोठे आहेत, म्हणून ओट्यावरच्या पांढऱ्या बोर्डावर ते पुन्हा लहान केले जातात. हळद-मीठ लावून चिकन बाजूला जातं. बोर्ड आणि सुरी नळाखाली धरली जाते आणि ओट्यावरच्या फडक्याने दोन्ही कोरडी होतात. मग त्याच बोर्डावर कांदा, टोमॅटो. रस्सा पाऊण तास रटरटतो, घरभर वास सुटतो. गॅस बंद केल्यावर त्याच बोर्डावर मूठभर कोथिंबीर बारीक चिरून वरून भुरभुरली जाते. काकडीची कोशिंबीर होते, लिंबाच्या फोडी होतात आणि पानं वाढली जातात.

बुधवारी घरातल्या धाकट्याला ताप येतो. पोटात कळा, दिवसाला आठ-दहा जुलाब. सोमवारी त्याने शाळेबाहेर पाणीपुरी खाल्लेली असते, सगळा दोष तिच्यावर जातो. चिकनचा संशय कुणालाच येत नाही, कारण ते तर पाऊण तास उकळलं होतं.

चिकनबद्दलचा तो विश्वास बरोबरच आहे. अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला दोन मिनिटं राहिलं की कच्च्या मांसावरचे आजार पसरवणारे नेहमीचे जिवाणू मरतात. रटरटणारा रस्सा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. पातेल्यातला कांदा-टोमॅटोही त्याच बोर्डावर चिरला होता, पण तोही शिजला. कोथिंबीर, काकडी आणि लिंबू मात्र शिजलं नाही. बोर्डावरून जे काही त्यांना लागलं, ते जसंच्या तसं ताटात आलं.

कच्च्या कोंबडीवर सर्रास सापडणारा एक जिवाणू आहे कॅम्पायलोबॅक्टर. तो पोटात गेल्यावर आजार दिसायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात, आणि म्हणूनच रविवारचा गुन्हा सोमवारच्या पाणीपुरीच्या माथी जातो. तो किती प्रमाणात पोटात गेला तर माणूस आजारी पडतो, याचा एक पुरावा वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९८१ साली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने दुधात मोजून ५०० कॅम्पायलोबॅक्टर घातले आणि ते दूध स्वतःच प्यायलं. काही दिवसांत तो आजारी पडला.

५०० जिवाणू म्हणजे किती, हे समजण्यासाठी दुसरा एक आकडा घेऊ. युरोपीय संघाने कत्तलखान्यांना जी मर्यादा घालून दिली आहे, ती कोंबडीच्या मानेच्या कातडीच्या दर ग्रॅममागे १,००० कॅम्पायलोबॅक्टर अशी आहे. ही स्वच्छ धंद्याची मर्यादा. हिशेबापुरतं धरू की चिकनच्या पाण्यातही तेवढेच जिवाणू आहेत. मग अर्ध्या ग्रॅममध्ये, म्हणजे साधारण दहा थेंबांत, ५०० झाले. चिकन कापून झाल्यावर बोर्डावर जे गुलाबी पाणी उरतं, ते दहा थेंबांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यातलं बहुतेक नळाखाली वाहून जातं. सुरीच्या चिरांत, मुठीच्या सांध्यात आणि फडक्यावर थोडं राहतं.

शिवाय कॅम्पायलोबॅक्टर घरातल्या तापमानाला बोर्डावर वाढत नाही, त्याला कोंबडीच्या अंगाची ऊब लागते. वाढ होत नसूनही तो सर्वाधिक आजार घडवणाऱ्या जिवाणूंमध्ये आहे. त्याला वाढायची गरजच नसते, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचायची गरज असते. ही वाहतूक थांबवण्यासाठी व्यावसायिक स्वयंपाकघरांनी बोर्डांना रंग दिले.

मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये भिंतीलगत एक स्टीलचा स्टँड असतो आणि त्यात बोर्ड उभे खोचलेले असतात. ब्रिटनमध्ये रूढ झालेली वाटणी अशी : लाल कच्च्या मांसासाठी, निळा कच्च्या मासळीसाठी, पिवळा शिजलेल्या मांसासाठी, तपकिरी मातीच्या न धुतलेल्या भाज्यांसाठी, हिरवा सॅलड आणि फळांसाठी, पांढरा ब्रेड आणि चीजसाठी. अलीकडे त्यात जांभळा आला आहे. तो ॲलर्जी असलेल्यांच्या अन्नासाठी आहे आणि त्याचं कारण थोडं वेगळं आहे : गव्हातलं किंवा शेंगदाण्यातलं प्रथिन ना उकळत्या पाण्याने मरतं ना क्लोरीनने, कारण मुळात ते जिवंत नसतं. ते फक्त धुऊन काढता येतं, म्हणून त्याचा बोर्डच वेगळा ठेवलेला बरा.

हे रंग ब्रिटनच्या कायद्यातही लिहिलेले नाहीत. कायदा एवढंच सांगतो की अन्न दूषित होऊ देऊ नका. रंग हा धंद्यातला संकेत आहे, आणि संकेत सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेतल्या प्रचलित पद्धतीत पिवळा बोर्ड कच्च्या कोंबडीचा असतो. आपल्याकडच्या पुष्कळ हॉटेलांतही लाल मटणाला, पिवळा कच्च्या चिकनला आणि शिजलेल्या मांसाला तपकिरी अशी वाटणी दिसते. म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या किचनमध्ये ज्या पिवळ्या बोर्डावर शिजलेलं हॅम कापून थेट सँडविचमध्ये जातं, त्याच रंगाच्या बोर्डावर इथला स्वयंपाकी कच्ची कोंबडी फोडायला शिकलेला असतो. गोवा-कोकणातून आणि मुंबईतून कितीतरी तरुण बोटींवरच्या आणि परदेशी हॉटेलांच्या किचनमध्ये जातात. त्यांच्यासाठी ही माहिती नोकरीच्या पहिल्या दिवशीच कळायला हवी अशी आहे. नव्या किचनमध्ये पाऊल ठेवलं की आधी भिंतीवरचा तक्ता वाचायचा. हाताला लागलेली सवय इथे धोक्याची ठरते.

रंग सात असोत की चार, खरी रेषा एकच आहे. एका बाजूला जे अजून शिजायचं किंवा धुवायचं आहे ते. दुसऱ्या बाजूला जे आता थेट तोंडात जाणार आहे ते. लाल, निळा, तपकिरी हे एका बाजूचे, हिरवा, पांढरा आणि ब्रिटिश पिवळा दुसऱ्या बाजूचे. बाकीचे भेद सोयीचे आहेत. ही रेषा ओलांडली गेली तर आजार होतो.

आपल्याकडे नेमकी इथेच गल्लत होते, कारण आपल्या मनात दुसरी एक रेषा फार पक्की आहे : व्हेज आणि नॉनव्हेज. महाराष्ट्रात जिथे दोन्ही मिळतं अशा हॉटेलांत वेगळी भांडी, वेगळ्या सुऱ्या, वेगळे बोर्ड हे अनेक मालक कटाक्षाने पाळतात आणि शाकाहारी गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा मान म्हणून ते पाळायलाच हवं. पण जिवाणूंच्या दृष्टीने ही रेषा भलत्याच जागी आहे. दह्यात मुरवलेली कच्ची कोंबडी नॉनव्हेज, आणि तंदूरमधून निघालेला टिक्काही नॉनव्हेज. दोन्ही ‘नॉनव्हेजच्या बोर्डा’वर जातात. ज्या बोर्डावर दुपारी चारला कच्चे तुकडे केले, त्यावरच रात्री नऊला भाजलेल्या कबाबाचे दोन भाग करून ते प्लेटमध्ये जातात. कच्चे तुकडे सळईला लावणारा हातच भाजलेले तुकडे सळईवरून ओढून काढतो. चिमटाही तोच, ट्रेही तोच. श्रद्धेचा नियम शंभर टक्के पाळला गेला आणि आजाराची वाट मोकळीच राहिली.

व्हेजच्या बाजूलाही तेच. मातीचे बटाटे, गाजरं, मुळे आणि सॅलडची धुतलेली काकडी, सगळं एका हिरव्या बोर्डावर, कारण सगळं व्हेज. तपकिरी बोर्ड का असतो, याचं उत्तर ब्रिटनमधल्या एका साथीत आहे. डिसेंबर २०१० ते जुलै २०११ या काळात तिथे ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूने सुमारे २५० माणसं आजारी पडली. त्यातल्या ७४ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. आरोग्य यंत्रणेने रुग्णांच्या जेवणाचा माग काढला तेव्हा संबंध दिसला तो सुट्या विकल्या जाणाऱ्या लीक नावाच्या कांद्याच्या जातीच्या भाजीशी आणि पोत्यातल्या बटाट्यांशी. हे दोन्ही कच्चं कुणी खात नाही. शिजताना जिवाणू मेलेच असणार. मग माणसं आजारी कशी पडली? संशोधकांचा निष्कर्ष असा होता की भाजीला चिकटलेल्या मातीतून जिवाणू घरात आले आणि भाजी हाताळताना, साठवताना, चिरताना हातांवर आणि दुसऱ्या अन्नावर गेले असावेत. जनावरांच्या शेणातला जिवाणू शेताच्या मातीत, तिथून बटाट्यावर आणि बटाट्यावरून ओट्यावर. शेणखतावर पिकणाऱ्या आपल्या भाज्यांना हा प्रवास काही अशक्य नाही.

ई. कोलाय ओ१५७ हा या सगळ्यातला सर्वांत क्रूर जिवाणू. शंभरापेक्षाही कमी संख्येत तो आजार घडवू शकतो. त्याचं विष रक्तात उतरून मूत्रपिंडावर घाव घालतं आणि त्याचा सर्वाधिक फटका लहान मुलांना बसतो. बोर्डांचे रंग नेमके कुठे कमी पडतात हे दाखवणारी घटनाही याच जिवाणूची आहे. ती सविस्तर सांगायला हवी, कारण यातल्या चुका जगातल्या कुठल्याही किचनमध्ये आज होत असतील.

सप्टेंबर २००५. दक्षिण वेल्समध्ये शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. महिन्याच्या मध्याला मुलं रक्ताचे जुलाब घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागली. आधी एका शाळेतली, मग शेजारच्या, मग पलीकडच्या खोऱ्यातल्या. साथ थांबली तेव्हा ४४ शाळांतले मिळून १५७ जण आजारी पडले होते, बहुतेक सगळी शाळकरी मुलं. ३१ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. तो शाळेतलं दुपारचं जेवण जेवला होता, एवढंच त्याच्या हातून घडलं होतं.

एवढ्या शाळांत एकाच वेळी आजार म्हणजे सगळीकडे पोहोचणारी कुठली तरी एकच वस्तू. ती होती शिजवून, काप करून आलेलं थंड मांस. त्या भागातल्या शाळांना ते पुरवणारा एकच व्यावसायिक होता. मांस व्यवस्थित शिजवलेलं असेल तर जिवाणू आले कुठून, हा पुढचा प्रश्न. तपास त्याच्या कारखान्यात पोहोचला आणि सुई एका यंत्रावर थांबली : व्हॅक्यूम पॅकिंग मशीन.

हे यंत्र पाहिलेलं असेल तर धोका लगेच लक्षात येईल. झाकण असलेली एक पेटी. मांस पिशवीत घालून पिशवीचं तोंड एका पट्टीवर ठेवायचं, झाकण लावायचं. यंत्र आतली हवा ओढून घेतं आणि पट्टी तापून पिशवी सीलबंद होते. हवा ओढली जाताना मांसाचं पाणीही थोडं बाहेर येतं. ते पेटीच्या तळाशी, पट्टीच्या खाचेत, रबराच्या कडेखाली आणि हवेच्या भोकाजवळ जातं. बाहेरून स्टील पुसून चकचकीत करता येतं, पण या खाचा सुट्या केल्याशिवाय साफ होत नाहीत. त्या कारखान्यात याच यंत्रात कच्चं मांस भरलं जात होतं आणि त्यातच शिजलेले कापही. कच्च्या मांसाचे जिवाणू यंत्रात राहिले आणि शाळांना जाणाऱ्या पिशव्यांना लागले. मुलांच्या ताटात वाढण्याआधी ते काप पुन्हा गरम होणार नव्हते.

त्या व्यावसायिकाला २००७ मध्ये एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली. वेल्सच्या सरकारने सार्वजनिक चौकशी नेमली. तिचे प्रमुख होते जिवाणुशास्त्रज्ञ ह्यू पेनिंग्टन. त्यांच्या दृष्टीने हे सगळं ओळखीचं असणार, कारण १९९६ साली स्कॉटलंडमधल्या विशॉ गावातल्या साथीची चौकशीही त्यांनीच केली होती. तिथेही एका खाटकाच्या दुकानातून कच्च्या मांसावरचा ओ१५७ तयार अन्नावर गेला होता आणि सतरा माणसं मेली होती, बहुतेक वयस्क. कच्चं आणि शिजलेलं मांस प्रत्यक्षात वेगळं ठेवा, हे त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. नऊ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा लिहायची वेळ आली.

पेनिंग्टन यांचा अहवाल मार्च २००९ मध्ये आला. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने हॉटेल-दुकानांसाठी सूचना काढल्या. त्यात बोर्ड आणि सुऱ्या वेगळ्या ठेवायला सांगितलंच, पण जोर दिला तो गुंतागुंतीच्या यंत्रांवर : व्हॅक्यूम पॅकर, स्लायसर, खिमा करायचं यंत्र. ही यंत्रं कच्च्यासाठी आणि तयार अन्नासाठी एक असताच कामा नयेत. बोर्ड घासता येतो, उकळत्या पाण्यात बुडवता येतो. स्लायसरच्या पात्यामागची फट तशी घासता येत नाही.

किचनमधल्या प्रत्येक वस्तूकडे या नजरेने पाहायला हवं. बोर्डाला रंग असतो म्हणून तो डोळ्यांत भरतो. बिनरंगाच्या वस्तू मात्र दिवसभर रेषा ओलांडत असतात. सुरीची मूठ. मिठाचा डबा, ज्यात चिकनच्या हाताने चिमूट घातली जाते. फ्रिजचा दांडा, नळाची तोटी, मसाल्याच्या डब्याचं झाकण. आणि हॉटेलात ज्याला सगळे डस्टर म्हणतात ते फडकं. स्वयंपाकी ते कमरेला खोचतो. लाल बोर्ड त्यानेच पुसतो, हात त्यालाच पुसतो, गरम भांडं त्यानेच धरतो आणि प्लेट बाहेर पाठवण्याआधी तिच्या काठावरचा रस्साही त्यानेच टिपतो. ओल्या, कोमट, अन्नाचे कण असलेल्या फडक्यावर साल्मोनेला आणि ई. कोलाय नुसते टिकत नाहीत, वाढतात. सात रंगांचे बोर्ड आणि एक डस्टर, ही व्यवस्था एका डस्टरएवढीच सुरक्षित असते.

हातांचंही तसंच. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामान्य माणसांना प्रयोगासाठी मांडलेल्या स्वयंपाकघरात चिकन शिजवायला आणि सोबत सॅलड करायला सांगितलं. चिकनला आधीच एक निरुपद्रवी जिवाणू लावून ठेवला होता, म्हणजे तो कुठे कुठे पोहोचला ते नंतर शोधता यावं. ज्यांनी कच्चं चिकन नळाखाली धुतलं, त्यांच्यातल्या ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो सापडला आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये पोहोचला. म्हणून चिकन धुऊ नका, हा त्या प्रयोगाचा ठळक संदेश ठरला. पण जास्त विचार करायला लावणारा आकडा दुसरा आहे. ज्यांनी चिकन धुतलंच नाही, त्यांच्यातल्याही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये तो जिवाणू होता. सिंक वाचलं, पण हात नीट धुतले गेले नव्हते.

आपल्याकडे मटण-चिकन न धुता शिजवायचं हे कुणाला पटणार नाही, आणि उघड्यावर कापलेल्या मांसावर हाडांचा चुरा, पिसं असतातच. धुवायचंच असेल तर वाहत्या नळाखाली धरू नये. शिंतोडे अर्ध्या मीटरपेक्षा लांब उडतात, आणि सिंकशेजारी तेवढ्या अंतरात सहसा धुतलेल्या भांड्यांची पाळी किंवा निवडलेली कोथिंबीर असते. खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात मांस हलक्या हाताने बुडवून काढावं, पाणी सिंकमध्ये अलगद ओतावं. त्यानंतर आधी सिंक घासायचं, मग हात साबणाने धुवायचे. तोवर सॅलडचं काही सिंकजवळ ठेवायचं नाही.

आता खुद्द बोर्ड. नवा प्लॅस्टिकचा बोर्ड गुळगुळीत असतो, घासला की साफ होतो. सहा महिने सुरी चालल्यावर त्यावर बारीक चिरांची जाळी तयार होते. चिरेच्या तळाशी मांसाची चरबी बसते, तिच्याखाली जिवाणू. घासणीचे केस तिथपर्यंत पोहोचत नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ डीन क्लिव्हर यांनी लाकडी आणि प्लॅस्टिकच्या बोर्डांची तुलना केली. लाकूड अस्वच्छ हे सिद्ध करायला ते निघाले नव्हते, लाकूड प्लॅस्टिकइतकं सुरक्षित कसं करता येईल हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना दिसलं ते अनपेक्षित होतं. लाकडात जिवाणू पाण्याबरोबर आत शोषले जातात, पृष्ठभागावर परत येत नाहीत आणि कोरड्या लाकडात हळूहळू मरतात. जुन्या, चिरा पडलेल्या प्लॅस्टिकवर मात्र हाताने घासूनही जिवाणू उरत होते. लाकूड सरसकट चांगलं, असा याचा अर्थ नाही. चिकनच्या दुकानातला लाकडी ओंडका दिवसभर ओलाच असतो, कोरडं व्हायची संधीच त्याला मिळत नाही, आणि उकळत्या पाण्यात किंवा मशीनमध्ये तो टाकता येत नाही. मोठ्या किचनमध्ये प्लॅस्टिक वापरतात ते धुण्याच्या सोयीसाठी, आणि रंग देता येतो म्हणून. पण मग तो बोर्ड वेळेवर बदलावा लागतो. बोर्डावरून आडवं नख फिरवलं आणि ते चिरांत अडकू लागलं, किंवा घासून वाळवल्यावरही चिरांत काळपट-हिरवी रेघ दिसली, की त्या बोर्डाचे दिवस भरले.

बोर्ड धुणं दोन टप्प्यांचं काम आहे. हा क्रम चुकला तर दुसऱ्या टप्प्याचा उपयोग होत नाही. आधी चिकटलेलं खरवडून काढायचं आणि गरम पाणी, साबण आणि ताठ केसांच्या ब्रशने घासायचं. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर मग जंतुनाशक. कारण क्लोरीन चरबी आणि रक्तावर खर्ची पडतं. घाणेरड्या बोर्डावर ते ओतलं तर घाणीशी झुंजण्यातच संपतं, जिवाणूंपर्यंत पोहोचत नाही. घरगुती, बिनवासाचं पातळ ब्लीच असेल तर साधारण चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पुरतो. बोर्ड त्यात काही मिनिटं राहू द्यायचा, लगेच पुसायचा नाही. नंतर स्वच्छ पाणी, आणि बोर्ड फडक्याने न पुसता उभा करून हवेत वाळवायचा. एक सावधानता : ब्लीचसोबत लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच नको असेल तर घासून झाल्यावर प्लॅस्टिकच्या बोर्डावर सावकाश, सगळीकडून उकळतं पाणी ओतणं हा घरातला जुना उपाय चालतो.

घरी सात बोर्डांची गरज नाही. दोन पुरतात, आणि ते अंधारातही ओळखू येतील इतके वेगळे असावेत : एक लाल, एक हिरवा, किंवा एक लाकडी, एक प्लॅस्टिकचा. एक कच्च्या मांस-मासळीचा, दुसरा थेट खायच्या गोष्टींचा. दोघांची सुरीही वेगळी. कोकणात कित्येक घरांत मासळीची विळी वेगळी असते आणि मागच्या पडवीत तिची जागा ठरलेली असते. मासळीचा वास टाळण्यासाठी आलेली ही सवय जिवाणूंच्याही विरोधात जाते. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती विळी हरवली आणि तिची जागा सगळ्याला एकच असलेल्या पांढऱ्या बोर्डाने घेतली.

एकच बोर्ड असेल तर क्रम बदलायचा. त्या रविवारी चिकन सर्वांत आधी बोर्डावर आलं, त्याऐवजी ते सर्वांत शेवटी यायला हवं होतं. आधी हात धुऊन कोथिंबीर, काकडी, लिंबू, आणि ते सगळं झाकून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. मग कांदा-टोमॅटो. चिकन शेवटी, आणि तेही फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यातून, कारण वर ठेवलेल्या पिशवीतून पाणी गळलं तर ते खालच्या अन्नावर पडतं. मसाला लावण्याआधीच तिखट-मीठ वाटीत काढून ठेवलं तर चिकनचा हात डब्यात जात नाही. चिकन पातेल्यात पडलं की बोर्ड, सुरी, सिंक, ओटा आणि हात एका दमात धुऊन टाकायचे आणि ते फडकं तडक धुण्यात टाकायचं.

हॉटेलात रंगांची व्यवस्था खरंच चालते की भिंतीवर टांगली आहे, हे दुपारी तीनच्या सुमारास स्टँडवरचे बोर्ड काढून पाहिलं तर कळतं. हिरवा बोर्ड नव्यासारखा, एकही चीर नसलेला, कोरडा ठणठणीत असेल आणि लाल बोर्डाच्या चिरांत कोथिंबिरीचे हिरवे कण अडकलेले असतील, तर त्या दिवशीचं सॅलड कुठे चिरलं गेलं हे विचारायची गरज उरत नाही. बहुतेक वेळा त्याचं कारणही साधं निघतं : लाल बोर्ड स्वयंपाक्याच्या हाताशी असतो आणि हिरवा चार पावलं लांब.